होम लोनचं शेड्यूल: सुरुवातीच्या हप्त्यात मुद्दल इतकं कमी का, आणि ३६व्या ओळीवर काय बघायचं

प्रश्न: सर, भांडुपला वन बीएचके घेतलाय. ४० लाखांचं होम लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता ३४,७१३. परवा ३६वा हप्ता गेला. साडेबारा लाख भरून झाले आणि शेड्यूलमध्ये बघतो तर मुद्दल फक्त दोन लाख साठ हजारांनी कमी. ऑफिसमधले म्हणतात बँक आधी सगळं व्याज काढून घेते, मग मुद्दल. आता बोनसचे दोन लाख हातात आहेत, पण व्याज तर त्यांनी आधीच घेतलंय, मग भरून काय फायदा? हे शेड्यूल नक्की वाचायचं कसं?

उत्तर:

ऑफिसमधल्यांचं ते वाक्य आधी बाजूला ठेवा, कारण तुमचा दोन लाखांचा निर्णय त्याच वाक्यावर अडकलाय आणि ते वाक्य चुकीचं आहे. होम लोनच्या फाइली बघण्यात माझी नोकरी गेली, आणि हा गैरसमज मी क्लार्कपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांकडे बघितलाय, शिकलेला माणूस पण हेच बोलतो. बँक पुढचं व्याज आधी घेत नाही. ३६ महिन्यांत तुम्ही जे व्याज भरलंत ते त्या ३६ महिन्यांचंच होतं, ३७व्या महिन्याचा एक रुपया पण अजून घेतलेला नाही. आणि हे कोणाच्या शब्दावर मानायची गरज नाही, शेड्यूलमध्येच दिसतं, फक्त ते वरून खाली वाचायच्या ऐवजी आधी आडवं वाचायला लागतं.

शेड्यूलच्या प्रत्येक ओळीत साधारण पाच आकडे असतात. महिन्याच्या सुरुवातीची बाकी, हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, आणि महिनाअखेरची बाकी. आपली नजर हप्त्यावर आणि व्याजावर जाते कारण तिथेच पोटात दुखतं, पण खरा आकडा बाकीचा आहे, उरलेले सगळे त्याच्यातून निघतात. मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा आणि पहिली ओळ स्वतः काढा. सुरुवातीची बाकी ४०,००,०००. वर्षाचा दर साडेआठ टक्के, म्हणजे महिन्याचा त्याचा बारावा भाग. ४० लाखांचे साडेआठ टक्के ३,४०,०००, भागिले १२, आले २८,३३३. हे पहिल्या महिन्याचं व्याज. तुम्ही भरले ३४,७१३, त्यातून २८,३३३ गेले, उरले ६,३८०. एवढंच मुद्दलात गेलं. बाकी झाली ३९,९३,६२०.

आता दुसरी ओळ. व्याज ४० लाखांवर नाही, ३९,९३,६२० वर. ते येतं २८,२८८. म्हणजे ४५ रुपयांनी कमी. हप्ता तोच, म्हणून ते ४५ रुपये मुद्दलाच्या बाजूला सरकले, मुद्दल झालं ६,४२५. हे ४५ रुपये कुठून आले ते नीट बघा: मागच्या महिन्यात तुम्ही जे ६,३८० फेडले त्याचं एका महिन्याचं व्याज ४५ रुपये होतं, ते आता लागत नाही. बस, अख्ख्या २४० ओळींचं शेड्यूल म्हणजे हीच एक क्रिया २४० वेळा केलेली. बाकीवर व्याज काढायचं, हप्त्यातून वजा करायचं, उरेल ते मुद्दल, नवी बाकी, पुन्हा व्याज. यात कुठेही "आधी व्याज, मग मुद्दल" असा वेगळा नियम नाही. व्याज म्हणजे तुमच्याकडे जेवढे पैसे अजून आहेत त्यांचं त्या महिन्याचं भाडं, आणि सुरुवातीला तुमच्याकडे सगळ्यात जास्त पैसे आहेत म्हणून भाडं सगळ्यात जास्त.

हे तपासायची पद्धत सांगतो. शेड्यूलमधली कुठलीही ओळ घ्या, त्यातलं व्याज भागिले सुरुवातीची बाकी, गुणिले १२, गुणिले १००. प्रत्येक ओळीला साडेआठ यायला पाहिजे. पहिल्या ओळीला साडेआठ, तुमच्या ३७व्या ओळीला बाकी ३७,३९,४४० आणि व्याज २६,४८८, म्हणजे पुन्हा साडेआठ, आणि अगदी २४०व्या ओळीत व्याज फक्त २४४ रुपये आहे, तिथे पण साडेआठच. बँकेने जर खरंच सुरुवातीला जास्त व्याज ओढलं असतं तर वरच्या ओळींमध्ये हा आकडा साडेआठच्या वर गेला असता. तो जात नाही. ज्यांना पटत नाही त्यांना मी हाच भागाकार स्वतः करायला सांगतो, पाच-सहा ओळींनंतर माणूस आपोआप गप्प होतो.

मग मुद्दल इतकं कमी का पडतं, हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर व्याजात नाही, मुदतीत आहे, आणि हे फार कमी लोक बघतात. हेच ४० लाख, हाच साडेआठ टक्के दर, पण मुदत २० ऐवजी १० वर्षं घेतली असती तर हप्ता ४९,५९४ आला असता. पहिल्या महिन्याचं व्याज किती? तेच, २८,३३३. एक रुपया इकडे तिकडे नाही, कारण बाकी तीच आणि दर तोच. फरक सगळा मुद्दलात, ६,३८० च्या जागी २१,२६१. म्हणजे वीस वर्षं निवडल्यावर तुम्ही बँकेला सांगितलंत की महिन्याचं व्याज तर देतोच, पण त्याच्यावर मुद्दल म्हणून मला थोडंच झेपेल. त्या थोड्याचा आकडा ६,३८०. मुंबईत जागेचे भाव असे आहेत की पगारात बसवायला बहुतेकांना वीस-पंचवीस वर्षं घ्यावीच लागतात, त्यात तुमची चूक काही नाही, पण कारण तिथे आहे हे माहीत पाहिजे.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघितली तर अजून स्पष्ट होते. साडेआठ टक्क्यांनी हप्त्यात व्याज आणि मुद्दल अर्धं अर्धं कधी होतं? साधारण ९८ हप्ते उरलेले असतात तेव्हा. लोन कितीचं आहे, वीस वर्षांचं होतं की तीस, याच्याशी संबंध नाही, फक्त दर आणि किती हप्ते उरले. तुमच्या शेड्यूलमध्ये १४३वी ओळ काढा, तिथे पहिल्यांदा मुद्दल व्याजाच्या पुढे जातं, १७,३८१ मुद्दल आणि १७,३३२ व्याज, आणि त्या ओळीपासून मोजलं तर बरोबर ९८ हप्ते उरतात. म्हणजे बारावं वर्ष संपता संपता. आता पाच वर्षांच्या गाडीच्या लोनला एकूण हप्तेच ६०, म्हणजे ते जन्मल्यापासूनच ९८ च्या आत, म्हणून याच दराने तिथे पहिल्या हप्त्यातच ६५ टक्के मुद्दल असतं आणि कोणी तक्रार करत नाही. तीच बँक, तोच हिशोब. आणि दर वाढला की हा ९८ चा आकडा कमी होतो, म्हणजे अर्धं-अर्धं व्हायला अजून उशीर लागतो, हे पण लक्षात असू द्या.

तुमच्या तीन वर्षांचा हिशोब पण यातच बसतो. ३६ हप्ते म्हणजे १२,४९,६६५ भरले, त्यात व्याज ९,८९,१०५ आणि मुद्दल २,६०,५६०. वाईट वाटणं साहजिक आहे. पण त्या तीन वर्षांत सदतीस ते चाळीस लाख रुपये तुमच्याकडे होते, त्यांचं साडेआठ टक्क्याने वर्षाला सरासरी सव्वातीन लाखांच्या वर व्याज होणारच, तीन वर्षांचे नऊ लाख नव्वद हजार झाले. दहा वर्षांच्या मुदतीत पण पहिल्या तीन वर्षांचं व्याज याच्या जवळपासच, थोडंच कमी, कारण बाकी जरा लवकर उतरते. फक्त तिथे मुद्दल आठ लाख अडुसष्ट हजारांनी कमी झालं असतं.

आता तुमचे दोन लाख. हे शेड्यूलवर कसं बघायचं ते सांगतो, कॅल्क्युलेटर पण लागत नाही. ३६व्या ओळीच्या शेवटी बाकी आहे ३७,३९,४४०. त्यातून दोन लाख वजा करा, ३५,३९,४४०. आता त्याच शेड्यूलमध्ये बाकीच्या कॉलमवर बोट ठेवून खाली सरका आणि हा आकडा कुठे येतो ते शोधा. ५८व्या ओळीला बाकी ३५,४४,३६८ आहे, ५९व्या ओळीला ३५,३४,७६१. म्हणजे तुमचा आकडा या दोघांच्या मधे पडतो. अर्थ असा की आज दोन लाख भरलेत की तुम्ही ३६व्या ओळीवरून उडी मारून थेट अठ्ठावन्न-एकोणसाठच्या मधे जाऊन उभे राहिलात, मधल्या साडेबावीस ओळी तुमच्या आयुष्यात आल्याच नाहीत. हप्ता तोच ठेवला तर २०४ उरलेल्या हप्त्यांचे १८२ होतात, त्यातला शेवटचा अर्धामुर्धा. आणि वाचलं किती, तर ज्या ओळी गाळल्या त्यांचा व्याजाचा कॉलम बेरीज करा, पाच लाख ऐंशी हजारांच्या आसपास येतं.

म्हणजे व्याज "आधीच घेतलंय" असतं तर हे पाच लाख ऐंशी हजार वाचलेच नसते. जे अजून लागलेलंच नाही तेच वाचतंय.

एक्सेल येत असेल तर हे दोन ओळींत तपासता येतं. पहिली ओळ हप्ता काढते, दुसरी दोन लाख भरल्यावर किती हप्ते उरतात ते, उत्तर १८१.४९ च्या आसपास येईल:

```
=PMT(8.5%/12, 240, -4000000)
=NPER(8.5%/12, -34713, 3539440)
```

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण प्रीपेमेंटबद्दल लिहिणारे हे मुद्दाम वगळतात. हेच दोन लाख तुम्ही १४४व्या हप्त्यानंतर भरलेत तर तिथे बाकी २४ लाख १२ हजारांच्या जवळ असेल, उडी फक्त अकरा ओळींची बसेल आणि व्याज वाचेल एक लाख ऐंशी हजार. लोक म्हणतात बघा, लवकर भरण्यात तिप्पट फायदा, कारण सुरुवातीला व्याज जास्त असतं. कारण ते नाही. दोन्ही वेळेला तुमच्या दोन लाखांवर दर वर्षी साडेआठ टक्केच वाचतायत, दर एकच आहे. लवकर भरलेले दोन लाख पंधरा ते सतरा वर्षं ते काम करतात आणि चक्रवाढीने करतात, उशिरा भरलेले जेमतेम सात-आठ वर्षं. म्हणून तुलना करायची ती "शेड्यूलच्या कुठल्या वर्षात आहे" अशी करू नका, "हे पैसे दुसरीकडे साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त, टॅक्स जाऊन, खात्रीने कमावतील का" अशी करा. आणि दहा-बारा वर्षं झाली म्हणून आता प्रीपेमेंटला अर्थ नाही, हे तर साफ चूक. मुलुंडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, रिटायरमेंटचे पैसे हातात, लोनची सहा वर्षं उरलेली, आणि ते पैसे त्यांनी लोनच्या दरापेक्षा दीड टक्का कमी मिळणाऱ्या एफडीत टाकले होते कारण कोणीतरी सांगितलं की व्याज तर आता भरून झालं, उरलंय ते मुद्दलच. बाकी ज्या दिवशी आहे त्या दिवशी तिच्यावर पूर्ण दराने व्याज चालू आहे. हप्त्यातला व्याजाचा आकडा लहान झाला म्हणजे दर लहान झाला असं नाही.

अर्थात हातात घरखर्चाचे सहा महिने ठेवूनच प्रीपेमेंट करा, कारण लोनमध्ये भरलेले पैसे अडचणीला परत मिळत नाहीत. आणि क्रेडिट कार्डाची बाकी किंवा पर्सनल लोन चालू असेल तर आधी ते, त्याचे दर याच्यापेक्षा खूप वर असतात. यावर जास्त लिहीत नाही.

पण प्रीपेमेंट करताना एक चूक होते ती मात्र सविस्तर सांगतो. ब्रँचमध्ये किंवा ॲपवर पैसे भरताना विचारतात, हप्ता कमी करायचा की मुदत. बरेच जण हप्ता कमी म्हणतात, ऐकायला बरं वाटतं. तुमच्या बाबतीत हप्ता ३४,७१३ वरून ३२,८५६ होईल, म्हणजे महिन्याला १,८५७ कमी, आणि ओळी मात्र २०४ च्या २०४ राहतील. उरलेल्या सतरा वर्षांत वाचणारं व्याज एक लाख एकोणऐंशी हजार, पाच ऐंशी नाही. इथे पण बँकेने काही लबाडी केलेली नसते, तुम्ही ते १,८५७ रुपये दर महिन्याला स्वतःकडे परत घेतलेत म्हणून ते मुद्दलात गेले नाहीत, एवढंच. घरात हप्त्याची ओढाताण असेल तर हप्ता कमी करणं योग्यच आहे, त्यात कमीपणा नाही. नसेल तर मुदत कमी करा आणि ते लेखी द्या. काही ठिकाणी तुम्ही काहीच सांगितलं नाही तर सिस्टीम आपल्या मनाने एक पर्याय लावते. चार-पाच दिवसांनी नवीन शेड्यूल मागून घ्या आणि दोनच गोष्टी बघा: सुरुवातीची बाकी दोन लाखांनी उतरली का, आणि शेवटच्या ओळीचा महिना अलीकडे आला का. बाकी उतरलेलीच नसेल तर पैसे बहुतेक ॲडव्हान्स हप्ते म्हणून खात्यात पडून आहेत, मुद्दलाला लागलेले नाहीत, असं मी बघितलंय, त्यामुळे पैसे भरताना "पार्ट प्रीपेमेंट, मुद्दलासाठी" असंच लिहा. चार्जची काळजी करू नका, फ्लोटिंग दराच्या होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंट चार्ज घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासून मनाई केलीय. फिक्स्ड दर असेल तर तुमचं अ‍ॅग्रीमेंट वाचा.

आता या सगळ्या हिशोबाची मर्यादा. व्याजाचा दर तिन्ही वर्षं साडेआठच होता असं मी धरलंय, कारण तुम्ही ज्या शेड्यूलवरून विचारताय ते तसंच छापलेलं आहे. फ्लोटिंग लोनमध्ये सँक्शनच्या वेळी मिळालेलं शेड्यूल हे त्या दिवसाचं चित्र असतं, दर बदलला की जुना कागद निकामी. समजा आता तुमचा दर साडेआठचा साडेनऊ झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवला. ३७,३९,४४० वर महिन्याचं व्याज २९,६०४ होईल, मुद्दलाला उरतील ५,१०९. म्हणजे तीन वर्षांनी ज्या हप्त्यात मुद्दल ८,२२५ व्हायला हवं होतं ते पहिल्या हप्त्यातल्या ६,३८० च्याही खाली आलं. आणि उरलेले २०४ हप्ते होतील २४३. एक टक्क्याने सव्वातीन वर्षं वाढली, खात्यातून मात्र तेवढेच पैसे जातायत म्हणून घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला तेव्हा हजारो लोकांचं हेच झालं, वय साठच्या पुढे हप्ते गेले आणि त्यांना ते नंतर कळलं.

याची शेवटची हद्द पण शेड्यूलवरून काढता येते. हप्ता गुणिले १२ भागिले बाकी. तुमचं ३४,७१३ गुणिले १२, भागिले ३७,३९,४४०, आलं ११.१४ टक्के. दर तिथे पोचला तर अख्खा हप्ता व्याजातच जाईल, मुद्दल शून्य, आणि त्याच्यावर गेला तर बाकी कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागेल. तुम्ही त्यापासून लांब आहात, पण ज्यांनी तीस वर्षांची मुदत घेतलीय ते या रेषेच्या खूप जवळ असतात, त्यांनी हा भागाकार आजच करावा.

या प्रकारानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम काढला की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की थोडं थोडं दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, आणि दर तिमाहीला एक स्टेटमेंट द्यायचं ज्यात आजपर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळं असलं पाहिजे. तुमच्या कामाचा कागद हाच, सँक्शनचा नाही. तो ॲपवर किंवा नेटबँकिंगवर असतो, नाही दिसला तर ब्रँचला मेल टाका.

अजून एक गोष्ट, मुंबईत खूप जणांना लागू होते म्हणून सांगतो. बिल्डिंग बांधकाम चालू असताना फ्लॅट घेतला असेल तर बँक पैसे स्लॅबप्रमाणे सोडते, आणि पझेशनपर्यंत बरेच जण फक्त प्री-ईएमआय भरतात. प्री-ईएमआय म्हणजे सोडलेल्या रकमेचं नुसतं व्याज, त्यात मुद्दल शून्य, एक रुपया पण नाही. शेड्यूलची पहिली ओळ त्यानंतर सुरू होते. त्यामुळे तुमची ३६ महिन्यांची बेरीज शेड्यूलशी जुळत नसेल तर आधी बघा की त्यातले काही महिने प्री-ईएमआयचे होते का. तुमच्या आकड्यांवरून तसं वाटत नाही, पण प्रोजेक्ट नवीन असेल तर तपासा.

तर आता हे करा. तिमाही स्टेटमेंट काढा, त्यातली आजची बाकी बघा आणि छापलेल्या शेड्यूलच्या ३६व्या ओळीतल्या ३७,३९,४४० शी लावून बघा. शे-दोनशेपासून एक-दोन हजारांचा फरक असेल तर चिंता नको, काही बँका व्याज महिन्यावर नाही तर दिवसांवर काढतात, फेब्रुवारीत कमी आणि ३१ दिवसांच्या महिन्यात थोडं जास्त पडतं, शिवाय पहिला हप्ता आणि लोन मिळाल्याची तारीख यात अंतर असेल तर त्या दिवसांचं व्याज वेगळं लागतं. बाकी वीस-तीस हजारांनी किंवा त्याहून जास्त चढी असेल तर मधे दर वाढलाय, वर सांगितलेला भागाकार करा, व्याज भागिले बाकी गुणिले १२, म्हणजे आज नक्की किती टक्के चालू आहे ते कळेल. तो दर तीच बँक आज नवीन ग्राहकाला देतेय त्यापेक्षा जास्त निघाला तर दोन लाख भरायच्या आधी ब्रँचला जाऊन दर कमी करून मागा, थोडी फी घेऊन बरेचदा करतात, आणि तो झाल्यावर हप्ता खाली आणू नका, ३४,७१३ च चालू ठेवा असं लिहून द्या. मग दोन लाख भरा, मुदत कमी करून.